अचला: एका नावाची गोष्ट मुलाखतीत सांगताना

अचला माझ्याकडे आली तेव्हा तिची तक्रार एका वाक्यात मावणारी होती. "ताई, मुलाखत चांगली होते, पण नंतर मी कुणाच्या लक्षात राहत नाही." एका कंपनीत दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीची वेळ कळवायला तिथून फोन आला आणि पलीकडची बाई तिला सलग तीनदा "अर्चना मॅडम" म्हणाली. तिसऱ्या फेरीला अचला गेली, पण मनातून ती तिथेच खचली होती.

मी गेली अकरा वर्षं पुण्यात मुलाखतीची तयारी करून घेते. "स्वतःबद्दल थोडं सांगा" या पहिल्या प्रश्नावर माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो, कारण बहुतेक जण तिथे बायोडेटा वाचून दाखवतात. काही जणांना मी नावापासून सुरुवात करायला सांगते. हे सगळ्यांना जमत नाही आणि सगळ्यांनी करूही नये. अचलाच्या बाबतीत ते जमलं, पण तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन प्रयत्न का फसले ते नीट समजलं तर हे तंत्र समजतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. नाव बदललं तर प्रकरणच उरत नाही, त्यामुळे तिच्या संमतीने पहिलं नाव तसंच ठेवलं आहे. आडनाव, गाव आणि कंपन्या गाळल्या आहेत.

अचला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. जुन्या दगडी इमारती, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळा, तपासायच्या आणि न पाडता भूकंपाला टिकतील अशा मजबूत करायच्या, हे तिचं काम. ज्या नोकरीसाठी ती तयारी करत होती ती पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेतली वरिष्ठ पदाची होती. समोर चौघे बसणार होते, त्यातला एक चेन्नईहून पडद्यावर. वेळ अर्धा तास.

तिच्या नावामागची गोष्ट मी विचारली आणि ती सांगत गेली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. तिच्या घरातली मागची खोली आजीसकट बसली. आई तेव्हा साडेसात महिन्यांची गरोदर होती, ती वाचली. नोव्हेंबरच्या मध्यावर पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये अचलाचा जन्म झाला. बारशाला पाळणा नव्हता. शेडच्या लोखंडी अँगलला लुगड्याची झोळी बांधली, बायकांनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हटलं, आत्याने कानात कुर्र केलं आणि आजोबांनी सुचवलेलं नाव सांगितलं: अचला. आजोबा प्राथमिक शाळेत गुरुजी, अमरकोश तोंडपाठ. "भूर्भूमिरचलानन्ता" या ओळीत पृथ्वीची नावं येतात, त्यातलं हे एक. चल म्हणजे हलणारं, अचला म्हणजे न हलणारी.

दीड महिन्यापूर्वी जी जमीन हलली तिच्यावरून नातीचं नाव "न हलणारी" ठेवलं! शेडमधल्या दोघीतिघींनी तेव्हाच नाकं मुरडली होती, असं तिची आई सांगते.

एवढी गोष्ट हाताशी असताना हिचं नाव लोक विसरतात कसं, हाच मला पहिला प्रश्न पडला. उत्तर साधं होतं. तिने ती कधी सांगितलीच नव्हती. कॉलेजात मुलं तिला "अचल संपत्ती" म्हणून चिडवायची, तेव्हापासून नावाचा विषय ती टाळायची.

इथे थोडं थांबून, नावं मुळात का विसरली जातात ते सांगते. १९८७ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. काही चेहऱ्यांबरोबर सांगितलं की यांचं आडनाव बेकर, काहींबरोबर सांगितलं की हे बेकर आहेत, म्हणजे पाव भाजतात. शब्द तोच. तरी व्यवसाय म्हणून ऐकलेला शब्द जास्त आठवला आणि आडनाव म्हणून ऐकलेला कमी. आपल्याकडचं उदाहरण घ्या. "हे सुतार" असं ओळख करून देताना ऐकलं तर कानावरून जातं. "हे सुतारकाम करतात" ऐकलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, आपल्या घरी आलेला सुतार, सगळं एकदम जागं होतं. व्यवसायाला मनात आधीपासून जागा असते. नाव मात्र नुसती चिठ्ठी असते, ती कशाला चिकटवायची ते कळत नाही. नावामागची गोष्ट त्या चिठ्ठीला चिकटायला जागा देते. पण ती जागा कुठली असावी, हे सांगणाऱ्याने ठरवायचं असतं. अचलाचा पहिला प्रयत्न नेमका इथे फसला.

पहिला मसुदा तिने मनापासून लिहिला. मी मोबाइलवर वेळ लावली. दोन मिनिटं पन्नास सेकंद. बाप्पाचं विसर्जन, पहाटेचा आवाज, आजी, शेड, झोळी, बारसं, अमरकोश, मग कॉलेज, मग एम.टेक., मग नोकरी. तिच्या कामाविषयीचा पहिला शब्द दोन मिनिटं पाच सेकंदांनी आला.

मी तिला लगेच काही बोलले नाही. माझ्या ओळखीच्या तिघांना बोलावून सरावाची मुलाखत घेतली. एक निवृत्त अभियंता, एक मनुष्यबळ विभागात काम करणारी, एक बँकेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांना एकच गोष्ट विचारली: कालच्या मुलीबद्दल आठवतं ते पाच ओळींत लिहून पाठवा. ही चाचणी मी नेहमी करते. मुलाखत संपल्यावर लगेच विचारलं तर सगळ्यांना सगळं आठवतं. रात्र मध्ये गेली की खरं काय राहिलं ते कळतं.

तिघांनाही नाव बरोबर आठवलं. अर्चना कुणी लिहिलं नाही. तिघांनीही भूकंप लिहिला, शेड लिहिली, दोघांनी आजीबद्दल लिहिलं. निवृत्त अभियंत्याने लिहिलं, "फार सोसलेलं कुटुंब." ती काय काम करते, हे तिघांपैकी एकानेही नीट लिहिलं नव्हतं. बँकवाल्याने "सिव्हिलमध्ये काहीतरी" एवढंच लिहिलं.

म्हणजे नाव राहिलं आणि माणूस चुकीचा राहिला. समोरच्यांच्या मनात चिठ्ठी "भूकंपग्रस्त मुलगी" या जागी चिकटली होती. दुसरी गोष्ट मला सरावाच्या वेळीच दिसली होती. आजीचा उल्लेख झाला आणि तिघेही गप्प झाले. माणसं चांगली, त्यांना काय बोलावं कळेना. निवृत्त अभियंत्याच्या मनात तांत्रिक प्रश्न होते हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण अशा वेळी भिंतीची जाडी विचारणं त्याला बरं वाटलं नसावं. मुलाखतीत सहानुभूती मिळणं वाईट नाही, पण सहानुभूतीने प्रश्न बंद होतात, आणि अचलाला प्रश्न हवे होते. तिचं काम प्रश्नांतूनच दिसणार होतं.

मी तिला हे तिघांचे कागद दाखवले. ती वाचत राहिली, मग म्हणाली, "आजीचं काढून टाकू?" मी म्हटलं, "आजी तुझी आहे. मुलाखतीत नाही सांगितलीस तर ती कमी होत नाही." ते तिला पटलं.

तिने एक पर्याय सुचवला. आडनावावरून सुरुवात करायची. तिचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी "कर" असलेलं, आणि ते गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलं गेलं. गोष्ट चांगली होती. तरी मी नको म्हटलं. महाराष्ट्रात आडनाव उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिलं गणित जातीचं सुरू होतं. "कुठले तुम्ही? मूळचे तिथलेच का?" असे साळसूद प्रश्न येतात, आणि विचारणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही की तो काय शोधतोय. आडनावाची गोष्ट सांगायची तर त्या वाटेचं दार आपणच उघडून देतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की गोष्ट पहिल्या नावाची सांगा, आडनावाची फक्त तेव्हा, जेव्हा त्याच्यामागे कुळाबाहेरचं काही असेल आणि पुढचे प्रश्न झेलायची तुमची तयारी असेल. हा नियम मला आवडत नाही. पण मुलाखतीच्या खोलीत बसलेली माणसं मी बदलू शकत नाही.

दुसरा मसुदा आठवड्याभराने आला. छोटा, सव्वा मिनिटाचा. शोकाचा भाग काढलेला. पण शेवटी एक वाक्य होतं: "भूकंपाने माझं नाव ठेवलं, आणि म्हणून लहानपणापासून मी ठरवलं होतं की भूकंपाला टिकणारी घरं बांधायची."

ऐकायला गोड. निवृत्त अभियंत्याला मी पुन्हा बोलावलं होतं. त्याने लगेच विचारलं, "बारावीनंतर पहिली पसंती कुठल्या शाखेला दिली होतीत?" अचला गडबडली. खरं असं होतं की पहिली पसंती कॉम्प्युटरला होती. प्रवेशफेरीत जागा मिळाली नाही, सिव्हिलला मिळाली, म्हणून सिव्हिल. तिने ते सांगितलं, पण सांगताना आवाज बसला, आणि त्यापुढची तिची सगळी खरी उत्तरंसुद्धा थोडी खोटी वाटायला लागली.

नावाच्या गोष्टीत हमखास होणारी ही चूक आहे. नावाचा अर्थ आणि आजचं काम जुळलं की माणसाला मोह होतो, की नावानेच मला इथे आणलं असं म्हणावं. विद्या नावाची शिक्षिका, धन्वंतरी नावाचा डॉक्टर, सागर नावाचा जहाजावरचा अभियंता, सगळे हेच करतात. पण व्यवसाय निवडताना कुणी नावाकडे पाहत नाही, आणि समोरचा अनुभवी असेल तर त्याला हे लगेच कळतं. नाव कारण होतं असा दावा केला की पुरावा मागितला जातो, आणि पुरावा नसतो.

मग मी तिला एक प्रश्न विचारला. नावाच्या गोष्टीवर काम करताना मी आता तो सगळ्यांनाच विचारते, पण त्या दिवशी तो आपसूक सुचला होता. "या नावाचा अर्थ काय, ते मला कळलं. पण हे नाव का ठेवलं, हे तुला कुणी सांगितलं? कधी? तेव्हा तू कुठे होतीस?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते तर साधंच आहे. त्यात सांगण्यासारखं काही नाही."

आणि तिने सांगितलं. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षी एका छोट्या प्रकल्पासाठी जुन्या बांधकामाची मोजमापं घ्यायची होती. शेजारच्या गावात, जे हलवलं गेलं नव्हतं, एक अर्धा पडका वाडा उभा होता. सुट्टीत ती आजोबांना घेऊन गेली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं आजोबांच्या. भिंत बाहेरून भक्कम दिसत होती, सव्वादोन फूट जाडीची. एका कोपऱ्यात दगड निखळून भिंतीचा छेद उघडा पडला होता. तिने आत हात घातला तर तो कोपरापर्यंत गेला. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये नुसती माती, खडी, दगडांचे तुकडे. दोन पदरांना सांधणारा आरपार दगड एकही नाही.

मराठवाड्यात अशा भिंतीला खेडोपाडी एक नेमका शब्दप्रयोग आहे: "भिंतीला पोट सुटलंय." दोन पदर हळूहळू एकमेकांपासून सुटतात, मधली माती खाली बसते, पाचर मारल्यासारखी दोन्हीकडे ढकलते, आणि भिंत मध्येच फुगते. वर माळवद असतं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकली जाते, त्यामुळे वजन वाढतच जातं. जमीन हलली की हे पदर वेगळे होतात आणि ते सगळं वजन खाली येतं. किल्लारीत इतकी माणसं दगावली त्याचं मोठं कारण हेच होतं. भूकंप फार प्रचंड होता असं नाही, त्याची तीव्रता साधारण ६.२ होती. पण तो झोपेच्या वेळी झाला, आणि घरं अशी होती. शिवाय त्या भागाला धोका आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात लातूरचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

हात भिंतीत असतानाच अचलाने आजोबांना विचारलं होतं, "आबा, एवढं झाल्यावर माझं नाव अचला का ठेवलंत?" आजोबा टेप गुंडाळत म्हणाले, "जमीन हलली, पण थांबली की नाही?" बस, एवढंच. मग ते सावलीला जाऊन बसले आणि ती मापं लिहीत राहिली.

मी तिला म्हटलं, हीच गोष्ट आहे.

जन्माची गोष्ट तिला दुसऱ्यांकडून मिळाली होती. त्यात ती झोळीतलं बाळ होती, तिच्या हातून काही घडत नव्हतं. नाव समजलं त्या दिवशी मात्र ती वीस वर्षांची होती, हातात टेप होता आणि ती तिचं काम करत होती. त्या प्रसंगात नाव आणि व्यवसाय दोन्ही एकाच जागी उभे होते. जोडायला "म्हणून" लागत नव्हतं. बहुतेक लोकांच्या बाबतीत असं काही ना काही सापडतं, कारण नाव का ठेवलं हे आपण बहुधा मोठेपणीच विचारतो, आणि तेव्हा आपण काहीतरी करत असतो. माणसं तो क्षण सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं गोष्ट जन्मापासून सुरू झाली पाहिजे.

तिसरा मसुदा आम्ही दोघींनी मिळून बसवला. मुलाखत इंग्रजीत होती, इथे मराठीत देते.

"माझं नाव अचला. अरुणाचल या शब्दातला अचल म्हणजे न हलणारा, डोंगर. अचला म्हणजे न हलणारी, जमीन. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दीड महिन्याने मी त्याच भागात जन्मले आणि आजोबांनी हे नाव ठेवलं. का ठेवलं, ते मी वीस वर्षांनी विचारलं. तेव्हा मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि आम्ही दोघं एका पडक्या वाड्याची भिंत मोजत होतो. ते म्हणाले, 'जमीन हलली, पण थांबली की नाही?' त्या वेळी माझा हात भिंतीच्या आत कोपरापर्यंत होता, कारण दगडांचे दोन पदर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. सिव्हिलला मी ठरवून आले नव्हते, पण त्या भिंतीपासून पुढचं मी ठरवून केलं. एम.टेक. याच विषयात केलं. गेल्या सहा वर्षांत दगडी बांधकामाच्या ३४ शाळा तपासल्या. ११ शाळांचं बळकटीकरण पूर्ण झालं. बाकीच्या २३ का थांबल्या, हेही मला आज सांगता येईल."

वेळ अठ्ठावन्न सेकंद. यातल्या एकदोन जागांवर आमचा बराच वेळ गेला.

अरुणाचलची जोड उच्चारासाठी घेतली. चेन्नईहून पडद्यावर असणाऱ्या माणसासाठी "अचला" हा शब्द कानाला नवा असेल, पण अरुणाचलम हे नाव त्याने हजारदा ऐकलेलं असणार. नावाचा उच्चार ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दात दाखवता आला तर तो त्याच्या तोंडात बसतो, आणि एकदा त्याने ते मोठ्याने नीट उच्चारलं की विसरणं अवघड होतं. प्रत्येक ठिकाणी ही जोड चालणार नाही. मुंबईत मी तिला "अचल मालमत्तेतला अचल" सांगायला सांगितलं असतं, जरी तिला तो शब्द नकोसा असला तरी.

"भूकंपानंतर दीड महिन्याने, त्याच भागात" इथे ती थांबायची आणि पुढे जायची. आजी, शेड, झोळी काही नाही. ज्याला किल्लारी माहीत आहे त्याला तेवढ्यात सगळं कळतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगायला तिथे वेळ नाही. एकाने विचारलंच तर "कुटुंबातलं कुणी गेलं का?" या प्रश्नाला "हो, आजी" एवढं उत्तर तयार होतं, आणि त्यापुढे पुन्हा कामाकडे.

"ठरवून आले नव्हते" हे वाक्य घालायला ती कचरत होती. तिला वाटत होतं आपलीच किंमत कमी होते. पण दुसऱ्या मसुद्यात निवृत्त अभियंत्याने जी फट शोधली होती ती या एका वाक्याने बुजली. तिने आधीच सांगून टाकल्यावर विचारायला काही उरत नाही.

एक वाक्य मी काढायला लावलं. तिने आजोबांच्या उत्तरानंतर लिहिलं होतं, "जमीन थांबते, भिंत थांबत नाही." लिहिलेलं वाचताना सुंदर वाटलं. मोठ्याने म्हटल्यावर भाषणासारखं वाटलं. आजोबांचं साधं वाक्य तिथे आधीच होतं आणि त्याच्यापुढे दुसरं नटवलेलं वाक्य ठेवलं की दोन्ही पडतात. ते काढल्यावर पुढचं "माझा हात भिंतीच्या आत" जास्त जवळ आलं.

शेवटची २३ शाळांची गोष्ट मात्र मुद्दाम उघडी ठेवली. नावाची गोष्ट सांगून झाली की समोरच्याच्या तोंडून पहिला प्रश्न कुठला यावा, याची सोय गोष्टीच्या शेवटच्या वाक्यात करावी लागते. ती केली नाही तर पुढचा प्रश्न "वा, छान नाव आहे, आणखी कोण कोण असतं घरी?" असा येतो, आणि स्त्री उमेदवार असेल तर हमखास येतो. तिथून परत कामाकडे यायला पाच मिनिटं जातात. पूर्ण न झालेली कामं स्वतःहून सांगणारा उमेदवार विरळा, त्यामुळे ऐकणारा तिकडेच वळतो.

दुसऱ्या दिवशीच्या पाच ओळींच्या चाचणीत या वेळी तिघेही नवे लोक होते. तिघांनी नाव लिहिलं, तिघांनी "भिंतीत हात" लिहिला, दोघांनी "दगडी शाळा मजबूत करते" असं लिहिलं आणि एकाने २३ चा आकडा बरोबर लिहिला. भूकंप तिघांच्याही उत्तरात होता, पण आता तो भिंतीमागे उभा होता.

प्रत्यक्ष मुलाखतीबद्दल तिने त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. पडद्यावरच्या माणसाने सुरुवातीलाच "अचला" असा स्वच्छ उच्चार केला आणि म्हणाला, "अरुणाचलम, हो, आमच्याकडे तिरुवन्नामलैचा डोंगर." मग पहिला तांत्रिक प्रश्न त्यानेच विचारला: जिथे आरपार दगड नाहीत तिथे उभ्या भिंतीत ते कसे बसवता? अचला हेच काम गेली सहा वर्षं करत होती. तिने सांगितलं, की भिंतीत ठरावीक अंतरावर हाताने दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. यंत्राने भोक पाडायला गेलं की हादऱ्याने शेजारचे दगड सुटतात, हे पहिल्या शाळेत शिकायला मिळालं. मग खिडक्यादारांच्या वर सगळीकडून फिरणारा पट्टा, जाळी आणि काँक्रीटचा. आणि छपरावरची जास्तीची माती उतरवायची.

दुसऱ्या सदस्याने २३ शाळा विचारल्या. त्यातल्या बहुतेक ठिकाणी अडचण एकच होती. माती उतरवायची म्हणजे वर्ग रिकामे करायचे, आणि ते फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत शक्य. निधी मंजूर होऊन हातात पडेपर्यंत जून उजाडतो. पाऊस पडायला लागला की छप्पर उघडता येत नाही. हे उत्तर देताना तिला एकदाही अडखळायला झालं नाही, कारण तिने चार उन्हाळे त्याच अडचणीत घालवले होते.

आजीबद्दल कुणी विचारलं नाही. कॉम्प्युटरबद्दलही नाही. अर्ध्या तासातले जवळपास पंचवीस मिनिटं भिंतीवर गेले. नोकरी तिला मिळाली. पण ती गोष्टीमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, सहा वर्षांच्या कामामुळे मिळाली. गोष्टीने एवढंच केलं की ते काम पहिल्या मिनिटात टेबलावर आणून ठेवलं, आणि त्याला जे नाव चिकटलं ते बरोबर होतं.

पुढे तिने ही सुरुवात दोन ठिकाणी मुद्दाम टाळली. एकदा निविदेच्या बैठकीत, जिथे प्रत्येकाला तीन मिनिटं होती आणि सगळे आकड्यांची वाट पाहत होते. तिथे नावाची गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा वेळ खाणं झालं असतं. आणि एकदा अशा सहकाऱ्यासमोर, ज्याच्या घरचे २००१ च्या भुजच्या भूकंपात गेले होते. "त्याच्यासमोर 'थांबली की नाही' हे वाक्य मला म्हणता आलं नसतं," ती म्हणाली. तिने ते स्वतःहून ओळखलं याचं मला फार बरं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात ती धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात शाळेची भिंत तपासायला गेली होती. ग्रामसभेत बोलायचं होतं. तिथे तिने अठ्ठावन्न सेकंदांचा मसुदा वापरला नाही. तिथे कुणाला किल्लारी सांगावी लागत नव्हती, आणि अमरकोशही सांगायचं कारण नव्हतं. तिने उठून फक्त आजोबांचं नाव सांगितलं आणि कुठल्या शाळेत ते गुरुजी होते ते सांगितलं. मागे बसलेला एक म्हातारा उभा राहिला. "गुरुजींची नात? शेडमध्ये झाली ती?" आणि मग तिच्याऐवजी तोच उरलेल्या लोकांना झोळी, बारसं, नाकं मुरडणाऱ्या बायका, सगळं सांगत राहिला. ती तेवढ्या वेळात शाळेच्या भिंतीपाशी जाऊन पोट किती सुटलंय ते टेपने मोजून आली.